लामखालची देवनागरी

वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी मी अरबी शिकायला लागलो तेव्हा शिरवण्यातल्या माझ्या वयाच्या मंडळींनी आपापले निष्कर्ष काढले. कोणी म्हणालं, म्हातारा आता मुलाकडे कायमचा चालला. कोणी म्हणालं, बायको गेल्यापासून डोक्यावर परिणाम झालाय. मी कोणालाच काही समजावलं नाही. मला लोकांना समजावत बसायचा पहिल्यापासून कंटाळा. छत्तीस वर्षं पहिलीच्या वर्गाला समजावण्यात माझा त्या खात्यातला साठा संपला. खरं कारण लहानसं होतं. संध्याकाळी साडेसात ते आठ हा अर्धा तास मला हवा होता.

मुलगा, सून आणि नात अबुधाबीला असतात. तिथे सहा वाजले की आमच्याकडे साडेसात. बायको होती तोवर फोन तीच करायची. मी मागून, ‘विचार, जेवली का,’ असं म्हणायचो आणि माझं आजोबापण तेवढ्यावर भागायचं. ती गेल्यावर फोन माझ्या हातात आला आणि लक्षात आलं की मला बोलताच येत नाही. सात वर्षांच्या मुलीला किती दिवस विचारणार, जेवलीस का? ती म्हणायची, ‘हो.’ मी म्हणायचो, ‘काय जेवलीस?’ ती सांगायची. मग दोघंही व्हिडिओच्या आपापल्या चौकटीतून एकमेकांकडे बघत बसायचो, आणि शेवटी तिकडून कोणीतरी म्हणायचं, ‘चला, आजोबांना बाय करा.’ चार मिनिटांत खेळ आटोपायचा.

आमच्या जुन्या घराच्या जागेवर आता चार मजली इमारत आहे. खालच्या तीन मजल्यांवर भाडेकरू, वरच्या मजल्यावर मी. भाडेकरू चांगले आहेत, जिन्यात भेटले की काका म्हणतात. तरी असे दिवस जायचे की सकाळी मासळीवालीला ‘दोनच तुकडे दे’ म्हटल्यावर संध्याकाळपर्यंत तोंड उघडायचं कामच पडायचं नाही. साडेसातला फोन लावायच्या आधी मी घसा खाकरून आवाज तपासून बघायचो.

अरबी आमच्या घरात शिरली ती एका गमतीच्या फोटोमुळे. तिथल्या शाळेत अरबी घ्यावीच लागते. मुलाने नातीच्या वर्कशीटचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, ‘बाबा, बघा, हे पहिलीचं आहे. आमची तर वाट लागली.’ पुढे हसणारी तोंडं. सून लातूरकडची, मुलगा शिरवण्याचा. दोघांनाही त्यातलं काही कळत नव्हतं, आणि पोरगी रोज त्या कागदापुढे बसून रडत होती. मला हसू आलं नाही. पहिलीचा कागद, टिंबटिंबांची अक्षरं, बाजूला चित्रं, आणि मला, छत्तीस वर्षं पहिली शिकवलेल्या माणसाला, त्यातलं एक अक्षर लागू नये याचा मला राग आला. अक्षरशः राग. चष्मा लावून मी तो फोटो मोठा करत राहिलो.

नेरूळला स्टेशनजवळ एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर अरबीचा क्लास चालतो हे पाटी वाचून ठाऊक होतं. आखाताकडे निघालेल्या नर्सेस, एसी दुरुस्त करणारे, एखादा स्वयंपाकी, असे पंधरा-वीस जण. शिकवणाऱ्या मॅडम तळोज्याच्या, कोकणी मुसलमान, मराठी आमच्यासारखीच बोलणाऱ्या. वयाने माझ्या मुलाएवढ्या. त्यांनी मला पहिल्या दिवशी विचारलं, ‘काका, कुठे जॉब लागलाय?’ मी म्हटलं, ‘नातीकडे.’ त्या हसल्या नाहीत. पहिल्या बाकावर जागा करून दिली. छत्तीस वर्षं मी फळ्याच्या बाजूला उभा होतो. आता दुसऱ्या बाजूला बसून चाळीस वेळा अलिफ काढला.

दोन महिन्यांत अक्षरं आली. मग मी माझ्या धंद्याला लागलो. शाळेत असताना मी टिंबटिंबांचे कागद हाताने करायचो आणि सायक्लोस्टाइल करून घ्यायचो. माझ्या अक्षराची केंद्रशाळेत वाखाणणी व्हायची, हे सांगताना मला संकोच वाटत नाही. तसेच कागद आता अरबीचे करायला लागलो. निळ्या पेनने टिंबं, उजवीकडून डावीकडे. बाजूला चित्र: मासा, दार, खजूर. फोटो काढून दुपारी पाठवायचा, मुलगा ऑफिसातून प्रिंट काढून न्यायचा, आणि साडेसातला नात आणि मी आपापल्या टेबलाशी बसायचो. चार मिनिटांचा फोन बारा मिनिटांचा झाला, मग वीस, मग पुरा अर्धा तास. ‘आजोबा, हे काय?’ ती विचारायची आणि मी सांगायचो. एवढंच. पण माणसाला दिवसातून अर्धा तास कोणी काही विचारत असलं की बाकीचे साडेतेवीस तास सरतात.

त्या कागदांत मी एक गोष्ट माझ्या पदरची घातली होती. प्रत्येक अरबी शब्दाखाली एक रेघ आखायचो आणि त्या रेघेवर देवनागरीत उच्चार लिहायचो. आधीच्या सुट्टीत ती इथे महिनाभर होती तेव्हा पाटीवर मी तिला मुळाक्षरं, बाराखडी आणि थोडी जोडाक्षरं शिकवली होती. तिकडे जाऊन ती विसरणार हे उघड होतं. आता रोज अरबीच्या निमित्ताने तिच्या डोळ्यांखालून देवनागरी जात होती. मुलाला वाटत होतं, बाबा अरबी शिकवतायत. मी चोरून मराठी पोचवत होतो. या लबाडीचा मला आनंद व्हायचा, आणि मी ती कोणालाही सांगितली नव्हती.

मग क्लासमध्ये सूर्याची आणि चंद्राची अक्षरं आली.

अरबीत ‘अल्’ हे नामाच्या आधी लागतं. अलिफ आणि लाम, दोन अक्षरं. किताब म्हणजे पुस्तक, अल्किताब म्हणजे ते ठरावीक पुस्तक. इथपर्यंत ठीक. पण चंद्राला ते म्हणतात अल्कमर आणि सूर्याला अश्शम्स. लिहिताना दोन्हीकडे अलिफ-लाम तसेच असतात. बोलताना सूर्याच्या वेळी लाम ऐकू येत नाही, त्याच्या जागी पुढचा श दुप्पट होतो. अठ्ठावीस अक्षरांपैकी चौदा अशी सूर्याची, चौदा चंद्राची. मॅडमनी आम्हाला लक्षात ठेवायचं गणित सांगितलं: ल म्हणताना जीभ जिथे लागते तिथेच किंवा त्याच्या आसपास जी अक्षरं होतात, त, द, न, र, स, श यांच्यासारखी, ती लामला गिळतात. क, ब, म यांना जीभ लांब पडते, ती गिळत नाहीत.

मी हात वर केला. म्हटलं, ‘ज म्हणतानाही जीभ तिथेच लागते की.’

‘लागते,’ मॅडम म्हणाल्या. ‘पण जीम चंद्राचा आहे. काका, काही गोष्टी पाठच करायच्या असतात.’

मला ते पटलं नाही. पहिलीतल्या मुलांनी मला असं काही विचारलं की मीही हेच उत्तर द्यायचो, म्हणून गप्प बसलो. कागदावर खुणा कशा करायच्या तेही त्यांनी दाखवलं. चंद्राच्या शब्दात लामच्या डोक्यावर छोटं वर्तुळ, म्हणजे लाम थांबून वाचा. सूर्याच्या शब्दात लाम बोडका, आणि त्याच्या पुढच्या अक्षरावर इंग्रजी डब्ल्यूसारखी बारीक खूण, शद्दा, म्हणजे हे अक्षर दाबून वाचा. घरी येताना पूर्ण रस्ता मी तोंडातल्या तोंडात अल्बाब, अन्नहर, अल्मिल्ह, अस्समक करत आलो. दार, नदी, मीठ, मासळी. वडिलांचं आयुष्य मिठागरात गेलं. मीठ चंद्राच्या बाजूला गेलं आणि मासळी सूर्याच्या, याची मला उगाच मौज वाटली आणि ती सांगायला घरात कोणी नाही हे कुलूप उघडताना जाणवलं.

त्या आठवड्यात मी माझ्या आयुष्यातले सर्वांत देखणे कागद केले. डावीकडे सूर्य, उजवीकडे चंद्र, मध्ये शब्दांची रांग. प्रत्येक शब्द कुठल्या घरात जातो ते रेघ ओढून दाखवायचं. दुसऱ्या कागदावर तेच शब्द गिरवायला. आणि खाली माझी ओळ: अश्शम्स, अत्तमर, अद्दर्स. सूर्य, खजूर, धडा. नातीने पहिल्याच दिवशी सगळे घडाघडा वाचले. ‘अश्शम्स,’ ती श दाबून म्हणायची आणि हसायची, दातांची एक फट दिसायची. शाळेतल्या बाईंनी तिला वर्गासमोर वाचायला उभं केलं. मुलाने फोन करून सांगितलं, ‘बाबा, टीचर बोलली, रीडिंग एकदम क्लीन हाय. तुमी तर कमाल केली.’ मुलगा खूश झाला की शाळेत शिकलेलं सगळं विसरून गावचं बोलतो. मी फोन ठेवला आणि त्या दिवशी चार तुकड्यांचं कालवण केलं.

लिहिण्याची वेळ आली तेव्हा मात्र गडबड झाली. तिच्या वहीच्या फोटोंत लाल फुल्या दिसायला लागल्या. वाचायला पहिली असलेली मुलगी लिहिताना अर्धे शब्द चुकत होती. मी फोटो घेऊन मॅडमकडे गेलो, तावातावात. मला वाटत होतं शाळेतल्या बाईच कडक आहेत. क्लास सुटल्यावर मॅडमनी मोबाइल हातात घेऊन फोटो पाहिला आणि कपाळाला आठी घातली.

‘काका, लाम विसरणारी पोरं मी खूप पाहिलीत,’ त्या म्हणाल्या. ‘ऐकू येत नाही म्हणून लिहीत नाहीत, हे नेहमीचं. पण ही अलिफ काढते आणि मग दोन शीन लिहिते. दोन शीन मी कधी बघितले नव्हते.’

मला तिथेच, उभ्या उभ्या, कळलं. दोन शीन, म्हणजे दोन श, कुठून आले ते जगात मला एकट्यालाच माहीत होतं. जोडाक्षर म्हणजे दोन अक्षरं, एक अर्धं आणि एक पूर्ण, हे पाटीवर मीच शिकवलं होतं. ती अरबी शब्दाकडे बघतच नव्हती. ती खालची माझी ओळ वाचत होती आणि तीच उलटी अरबीत उतरवत होती. अश्शम्स: अ, अर्धा श, पूर्ण श. म्हणून अलिफ, शीन, शीन. आपल्या हिशेबाने बरोबरच. आपल्याकडे सत् आणि जन एकत्र आले की सज्जन होतो आणि कागदावरचा त् कायमचा जातो. जसं बोलतो तसं लिहितो. तिकडे लाम गप्प झाला तरी जागा सोडत नाही. हे मला येत होतं, पण मी तिच्यापुढे रोज असा कागद ठेवत होतो ज्यात लाम दिसायची गरजच नव्हती.

मॅडमना मी कागद दाखवला. त्यांनी देवनागरीच्या ओळीवर बोट ठेवलं आणि अगदी हळू म्हणाल्या, ‘हे काढून टाका, काका. एका आठवड्यात येईल तिला.’

मी ‘हो’ म्हणून आलो आणि तीन आठवडे काढलं नाही.

हे लिहितानाही मला लाज वाटते. मी स्वतःला कारणं देत होतो: एकदम काढलं तर पोर गोंधळेल, पुढच्या कागदापासून काढू, रविवारपासून काढू. खरं कारण वेगळं होतं आणि मला ते स्वच्छ दिसत होतं. ती ओळ काढली की नात अरबी अरबीतून वाचणार. एकदा ते जमलं की तिला मी कशाला हवा? शिवाय ओळ गेली की देवनागरीही गेली. अर्धा तास फुल्या दुरुस्त करण्यातच जात होता. चुका होत्या म्हणून अर्धा तास होता. ‘आजोबा, हे परत चुकलं,’ ती म्हणायची, आणि मी, ज्याने आयुष्यभर मुलांच्या चुका कमी करायचा पगार घेतला, मनातल्या मनात सुखावायचो. एकटेपणाने माणूस बिचारा होतो असं लोकांना वाटतं. मी तर लबाड झालो होतो.

मुलाने दोनदा विचारलं की नक्की प्रॉब्लेम काय आहे, टीचर विचारतायत घरी कोण शिकवतं. मी म्हटलं, होईल, लहान आहे, तिथल्या शिक्षकांना धीर नाही. माझ्याच व्यवसायातल्या माणसाला इतक्या सहज नावं ठेवली. माझ्याबद्दल कोणा पालकाने असं म्हटलं असतं तर मी त्याला वर्गाबाहेर उभा केला असता.

मग तिची दहा शब्दांची डिक्टेशन झाली. त्या दिवशी साडेसातला फोन आला नाही. पावणेआठला मी लावला तर उचलला नाही. आठ वाजून गेल्यावर मुलाने फोटो पाठवला, सोबत एक शब्द नाही. चंद्राचे पाच शब्द: चंद्र, घर, पुस्तक, दार, मीठ. पाचही बरोबर, अलिफ-लाम जागच्या जागी. सूर्याचे पाच: सूर्य, मासळी, खजूर, धडा, नदी. पाचही चूक, आणि पाचही एकाच तऱ्हेने चूक: दोन शीन, दोन सीन, दोन ता, दोन दाल, दोन नून. इतक्या शिस्तीने चुकलेला कागद मी कधी तपासला नव्हता. माझ्या शिकवण्याचा ठसा त्यावर स्पष्ट उमटला होता.

थोड्या वेळाने मुलाचा फोन आला. आवाज थकलेला. म्हणाला, ‘बाबा, ती बाथरूममध्ये जाऊन रडत होती. बोलली, आजोबांना सांगू नका, त्यांना वाईट वाटेल.’

मी म्हटलं, ‘तिला फोन दे.’

ती आली. डोळे सुजलेले, नाक लाल. मागे त्यांच्या खोलीतला पांढरा दिवा. मी तयारी करून बसलो नव्हतो, म्हणून जे आलं तेच बोललो. ‘चूक तुझी नाही. मी अरबीच्या खाली मराठीत लिहितो ना, ते बघून तू लिहितेस. तो कागद चुकीचा होता. मला कळलं होतं, तरी मी बदलला नाही.’

तिने विचारलं, ‘का?’

सात वर्षांची मुलगी हेच विचारणार. मला खोटं बोलता आलं असतं. म्हटलं, ‘तुला लवकर आलं असतं तर तू लवकर फोन ठेवला असतास.’

तिला किती समजलं ते मला माहीत नाही. ती म्हणाली, ‘पण आजोबा, मला वरचं पटकन वाचता येत नाही.’

‘येईल,’ मी म्हटलं.

मुलगा मागे उभा होता. त्याने सगळं ऐकलं. त्याचा विषय त्याने आजतागायत काढलेला नाही.

दुसऱ्या दिवशी मी नवे कागद केले. खालची रेघच आखली नाही. सूर्याच्या शब्दांत लाम लाल पेनने पोकळ काढला, म्हणजे तिने तो आधी निळ्याने भरायचा, मग पुढच्या अक्षरावर शद्दा द्यायची, आणि मग वाचायचं. हाताने लाम लिहायचा, तोंडाने सोडायचा. शब्दावर तळहात ठेवून झाकायचा, मी उच्चार करायचा, तिने पाठकोऱ्या कागदावर लिहायचं आणि हात उचलून ताडून पाहायचं. हे मी पहिलीला करायचो तसंच. पहिल्या दिवशी ती चिडली. दुसऱ्या दिवशी अस्समक लिहिताना तिने अलिफ काढला, थांबली, ओठ हलवले, लाम काढला, मग एकच सीन. कॅमेऱ्यापुढे कागद धरला. मी म्हटलं, ‘शाबास.’ शिक्षकाचा आनंद आणि आजोबाची भीती, दोन्ही मला एकाच क्षणी झाली.

मॅडमनी आठवडा म्हटलं होतं. तिला पाच दिवस लागले.

पुढचं मी अंदाज केल्याप्रमाणेच झालं, फक्त जरा भरभर झालं. अर्ध्या तासाची वीस मिनिटं झाली, मग दहा. ‘झालं आजोबा, सगळं येतं मला,’ ती म्हणायची आणि खरंच येत असायचं. मग तिचा पोहण्याचा क्लास सुरू झाला, नेमका सहाचा. मुलगा म्हणाला, ‘बाबा, रोजचं आता राहू दे ना, संडेला निवांत बोलू.’ मी म्हटलं, चालेल. काय म्हणणार? मुलगी शिकली, हे माझंच काम होतं. रविवारी फोन येतो. ‘जेवलीस का?’ मी विचारतो. ‘हो,’ ती म्हणते. आम्ही परत पहिल्या पानावर आलो.

क्लास मी सोडला नाही. माझ्या बरोबरच्या नर्सेस आपापल्या ठिकाणी गेल्या, नव्या आल्या. पहिल्या बाकावर माझी जागा कायम आहे. मॅडम नव्या बॅचला सूर्य-चंद्र शिकवतात तेव्हा फळ्यावर शब्द लिहायला मला उभं करतात, माझं अक्षर बरं आहे म्हणून. साडेसात वाजता मी घरी असतो आणि टेबलाशी बसतो. दुसरं काही करायला सुचत नाही म्हणून बसतो. कधी कागद करतो. कोणाला पाठवत नाही.

गेल्या महिन्यात एका दुपारी, रविवार नसताना, मुलाचा फोटो आला. पुन्हा दहा शब्दांची डिक्टेशन. या वेळी सूर्य-चंद्र मिसळून दिलेले, दहाच्या दहा बरोबर, प्रत्येक लाम जागेवर, शद्दा नेमक्या अक्षरावर, वर बाईंनी चिकटवलेला सोनेरी तारा. मी चष्मा लावून प्रत्येक शब्द तपासला. सवय. मग नजर वर कोपऱ्यात गेली. तिथे ‘अल्इस्म’ असं छापलेलं असतं, म्हणजे नाव, आणि पुढे रिकामी रेघ. त्या रेघेवर नातीने आपलं नाव देवनागरीत लिहिलं होतं. माझी ओळ बंद होऊन कितीतरी दिवस झाले होते. अक्षर वेडंवाकडं, शिरोरेघ अर्ध्यावर सुटलेली, एक वेलांटी उलट्या बाजूला. पण तिचं नाव.

त्याला बाईंनी लाल गोल केला होता आणि शेजारी अरबीत एक ओळ लिहिली होती. घाईचं अक्षर, वर खुणा नाहीत, कारण मोठी माणसं खुणा देत नाहीत. कुठल्याही वर्कशीटमध्ये नसलेलं, खऱ्या माणसाने खऱ्या कामासाठी लिहिलेलं अरबी वाक्य माझ्यासमोर पहिल्यांदाच आलं होतं. मला वाचायला दोन-तीन मिनिटं लागली. उक्तुबी इस्मकि बिल्अरबिय्या. शेवटच्या शब्दात लाम ऐकू येतो, कारण पुढचं अक्षर चंद्राचं आहे. अर्थ लागला: तुझं नाव अरबीत लिही. मुलाला तो लागणार नव्हता, सुनेला नाही. तिच्या घरात ते वाचू शकणारी ती एकटी, आणि इकडे मी.

मी बराच वेळ तो फोटो मोठा करून त्या नावाकडे बघत बसलो. उलटी वेलांटी दुरुस्त करावी असं क्षणभरही वाटलं नाही. मग मात्र उठलो. बाई म्हणतात ते बरोबर आहे; त्यांचा वर्ग आहे, त्यांना मुलीचं नाव वाचता आलं पाहिजे. त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच लिहिलं असतं.

संध्याकाळी साडेसातला टेबलाशी बसून मी एक कागद केला. फक्त तिचं नाव, अरबीत, निळ्या टिंबांनी, पाच वेळा, उजवीकडून डावीकडे. पहिल्या नावातली टिंबं जवळ जवळ, मग हळूहळू विरळ, शेवटी नुसती रेघ, म्हणजे तिथे तिचं तिने लिहावं. फोटो काढून पाठवला. खाली देवनागरीत काही लिहिलं नाही.